गळा, ट्रेन आणि व्हेल : वधूच्या गाउनचे नेमके वर्णन

ख्रिस्ती विवाहातील पांढऱ्या गाउनचे वर्णन तीन गोष्टींवर उभे असते: गळ्याचा आकार, मागे लोळणारी ट्रेन आणि डोक्यावरचे व्हेल. मुंबई, वसई, गोव्यातल्या चर्चमधील लग्नांमुळे आणि परदेशातील राजघराण्यांच्या किंवा चित्रपट कलावंतांच्या विवाहांमुळे हे शब्द मराठी बातम्यांत आणि छायाचित्रांच्या ओळींत नेहमी येतात. त्यांत होणाऱ्या बहुतेक चुकांचे कारण एकच असते. गळा रेषेवरून ओळखायचा असतो, ट्रेन बहुधा कमरेपासून मोजतात आणि व्हेल केसांत खोवलेल्या फणीपासून. मोजमाप कुठून सुरू झाले हे लक्षात घेतले नाही, तर आकडा खरा असूनही वर्णन चुकते.

गळ्याचे नाव छातीवरून आणि खांद्यांवरून जाणाऱ्या कापडाच्या वरच्या कडेला दिलेले असते. ही कड मधोमध खाली उतरून बदामासारखे दोन उंचवटे करत असेल, तर तो स्वीटहार्ट गळा. दोन सरळ रेषा मध्यभागी टोकाला मिळत असतील, तर व्ही. कड गळपट्टीच्या हाडाला समांतर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जवळजवळ आडवी जात असेल, तर बोटनेक. ब्लाउज शिवणाऱ्यांनाही हे नाव परिचयाचे आहे. फॅशनच्या लेखनात यालाच बातो असे फ्रेंच नावही देतात. कड खांद्यांच्या खाली उतरून दंडांवर टेकली, तर ऑफ-शोल्डर. पट्टे मानेमागे जोडलेले असतील, तर हॉल्टर.

‘स्ट्रॅपलेस’ हे मात्र गळ्याच्या आकाराचे नाव नाही. खांद्यावर पट्टे किंवा बाही नाही, एवढेच त्यातून कळते. स्ट्रॅपलेस गाउनचा गळा स्वीटहार्ट असू शकतो किंवा सरळ आडवाही. उलट, स्वीटहार्ट गळ्याला लांब बाह्याही असू शकतात. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहासाठी नॉर्मन हार्टनेल यांनी केलेल्या गाउनला बदामी गळा होता आणि लांब बाह्याही होत्या. इल्यूजन गळ्यातही अशीच गफलत होते. त्यात पारदर्शक जाळीचे कापड मानेपर्यंत चढते, पण त्याच्या आत अपारदर्शक कापडाची दुसरी कड असते. दोन्ही कडा सांगितल्या तरच तो गळा वाचकाला दिसतो. उदाहरणार्थ, ‘स्वीटहार्ट गळा, वर मानेपर्यंत इल्यूजन लेस’.

ट्रेन म्हणजे गाउनच्या घेराचा मागे जमिनीवर पसरणारा भाग. सर्वांत आखूड ती स्वीप. ती जमिनीला जेमतेम घासत जाते. तिच्याहून थोडी लांब कोर्ट, मग चॅपल, त्यापुढे कॅथीड्रल आणि सर्वांत लांब रॉयल. कॅथीड्रल ट्रेन साधारण 6 ते 8 फूट सांगितली जाते, रॉयल त्याहून मोठी. मात्र या आकड्यांना सर्वमान्य प्रमाण नाही आणि दुकानागणिक ते बदलतात. काही ठिकाणी ट्रेन कमरेपासून मोजतात, काही ठिकाणी कापड जमिनीला टेकते तिथपासून. मध्यम उंचीच्या वधूची कंबर, टाचेचे बूट धरून, जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट उंचीवर येते. म्हणजे कमरेपासून मोजलेली 7 फुटांची ट्रेन जमिनीवर फार तर साडेतीन फूट पसरते. जमिनीपासून मोजलेली 7 फुटांची ट्रेन दिसायला तिच्या दुप्पट असते. म्हणून आकडा देताना ‘कमरेपासून’ किंवा ‘जमिनीवर’ हा शब्द सोबत हवा. तो ठाऊक नसेल तर आकडा टाळून प्रकाराचे नाव देणे बरे.

ट्रेन खांद्यांपासून किंवा पाठीच्या वरच्या भागापासून सुटी लोंबत असेल, तर तिला वातो ट्रेन म्हणतात. काही ट्रेन कमरेला हुक लावून जोडलेल्या असतात आणि समारंभानंतर काढून ठेवतात. जी काढता येत नाही ती स्वागतसमारंभाच्या वेळी वर उचलून बांधतात; या बांधणीला बसल म्हणतात. अमेरिकन बसलमध्ये कापड बाहेरून वर घेऊन हुकांवर अडकवतात, फ्रेंच बसलमध्ये ते आतल्या बाजूला फितींनी बांधतात. त्यामुळे स्वागतसमारंभातल्या छायाचित्रावरून ‘ट्रेन नसलेला गाउन’ असे लिहिणे धोक्याचे आहे. कमरेखाली मागे फुगीर घड्या दिसत असतील, तर ट्रेन तिथे बांधलेली असण्याची शक्यता मोठी.

व्हेलची नावे बहुतांशी ते शरीरावर कुठे संपते त्यावरून पडली आहेत. एल्बो व्हेल कोपरापर्यंत येते, फिंगरटिप बोटांच्या टोकांपर्यंत, वॉल्ट्झ गुडघा आणि घोट्याच्या मध्ये. चॅपल व्हेल फणीपासून सुमारे 90 इंच असते, कॅथीड्रल 108 इंच किंवा त्याहून अधिक. चॅपल आणि कॅथीड्रल ही नावे ट्रेनलाही आहेत, म्हणून ‘कॅथीड्रल लांबीचा गाउन’ असे मोघम न लिहिता ट्रेन की व्हेल हे स्पष्ट करावे लागते. काही नावे लांबीची नसून प्रकाराची आहेत. ब्लशर हा चेहऱ्यावर येणारा आखूड थर, जो विधीत मागे सारतात. बर्डकेज हे नाकापर्यंत किंवा हनुवटीपर्यंत येणारे जाळीचे छोटे व्हेल. मँटिला हे लेसच्या काठाचे स्पॅनिश परंपरेतले व्हेल. ज्युलिएट कॅप ही डोक्याला घट्ट बसणारी टोपी, जिला व्हेल जोडतात. 1956 मध्ये ग्रेस केली यांनी मोनॅकोतील विवाहात अशीच टोपी घातली होती.

या सगळ्याचा मेळ एका गाउनवर घालून पाहता येतो. 19 मे 2018 रोजी विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये मेगन मार्कल यांनी जिवाँशी या फॅशनगृहासाठी क्लेअर वेट केलर यांनी केलेला गाउन घातला. गळा बोटनेक, बाह्या कोपराखालपर्यंत. त्या दिवशी गाजलेली 5 मीटर ही लांबी व्हेलची होती, ट्रेनची नव्हे. रेशमी ट्यूलच्या त्या व्हेलच्या काठावर राष्ट्रकुलातील 53 देशांची फुले भरतकामात होती. छायाचित्रात मागे पसरलेले बरेचसे कापड पारदर्शक दिसते आणि त्याची सुरुवात डोक्यापासून होते. तेवढ्यावरून फरक ओळखता येतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रियांका चोप्रा यांच्या जोधपूरमधील विवाहातला 75 फुटांचा आकडाही व्हेलचाच होता.

आकड्यांबाबत आणखी एक सावधगिरी लागते. 29 जुलै 1981 रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये डायना स्पेन्सर यांच्या गाउनची ट्रेन 25 फूट होती. त्यांच्या व्हेलबद्दल सांगितला जाणारा 153 यार्डांचा आकडा मात्र त्यासाठी लागलेल्या ट्यूलचा आहे, व्हेलच्या लांबीचा नाही.

वर्णन लिहिताना गळ्याची कड, ट्रेन आणि व्हेल हा क्रम ठेवावा आणि प्रत्येक लांबीसोबत ती कशाची व कुठून मोजलेली हे लिहावे. तेवढे साधले की छायाचित्र नसतानाही वाचकाला गाउन नेमका कळतो.