वेवाण, पुढे या

आपल्याकडे साखरपुड्यात भाषण करायची रीत नाही. गणपतीपूजन होतं, मुलीला कुंकू लावून साडी देतात, ती नेसून आली की ओटी भरतात आणि साखरेचा पुडा तिच्या हातात देतात. बोलायचं असतं ते गुरुजींनी. अंगठ्या तर हल्ली आल्या. पण आमची होणारी सून नडियादच्या गुजराती घरातली. तिच्याकडची तीस-पस्तीस माणसं वडोदऱ्याला येणार आणि मांडलेल्या ताटांकडे बघत 'हे काय चाललंय' असं एकमेकांना विचारत बसणार. तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, सुरुवातीला तूच बोल. त्यांना परकं वाटायला नको."

मी उत्साहानं बसले आणि चार पानं लिहिली. त्यात सयाजीरावांच्या काळात आमचे पणजोबा गायकवाडी नोकरीत कसे आले, दांडिया बाजारात घर कसं झालं, इथपासून मुलाच्या शाळेतल्या बक्षिसांपर्यंत सगळं होतं. मोठ्यानं वाचून पाहिलं तर अकरा मिनिटं लागली. मुलगा म्हणाला, "त्यांचं स्वागत करायचंय ना? यात ते कुठे आहेत?" खरंच, चार पानांत त्यांच्याबद्दल दोन ओळी होत्या. त्यातलीही एक फराळाबद्दल होती. पणजोबांना त्या दिवशी खालीच ठेवलं.

दुसऱ्या खर्ड्यात एक वाक्य होतं, जे आमच्या ह्यांना फार आवडलं होतं: 'आजपासून तुमची लेक आमची झाली.' आपण सगळेच म्हणतो हे. मी ते फोनवर धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. ती जरा थांबली आणि म्हणाली, "ताई, माझ्या विहिणीनं हेच म्हटलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, म्हणजे माझी नाही का आता?" मी फोन ठेवला आणि वाक्य खोडलं. 'आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या' हेही खोडलं. देण्याघेण्याचा विषय कुणी काढलाच नव्हता. 'नको' म्हणून तो मीच काढला असता. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकायला लागले, मुलीच्या आईच्या खुर्चीत.

आणि तिथेच खरा प्रश्न पुढे आला. सुनेचे वडील ती नववीत असताना गेले. आई शाळेत शिकवते, तिनंच दोघी मुलींना वाढवलं. कार्यक्रमाची यादी ठरवताना ती सहज म्हणाली, "पुढचं सगळं तिची काकी करेल. मी मागे बसेन, मला चालतं." आमच्या जाऊबाईंनाही हे रीतीप्रमाणे बरोबरच वाटलं. मला मात्र रात्री झोप येईना. जिचं स्वागत करायचं ती शेवटच्या रांगेत आणि मी माईकवर गोड बोलणार?

त्यांना भर सभेत एकदम पुढे बोलवावं, असं आधी मनात आलं होतं. बरं झालं तसं केलं नाही. माणसाला सगळ्यांसमोर पकडलं की त्याला नाहीही म्हणता येत नाही. मी चार दिवस आधी त्यांना फोन केला आणि सरळ विचारलं. त्या नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. कुंकू लावणार नाही, ओटीही भरणार नाही, लोक बोलतील. पण गोळधाणा वाटायचा असेल तर तेवढं करीन, म्हणाल्या. त्यांच्याकडे लग्न ठरलं की गूळ आणि धणे एकत्र करून वाटतात आणि त्या विधीचं नावच गोळधाणा. आपला साखरपुडा, त्यांचा गोळधाणा. मला बोलायला विषय मिळाला तो त्यांच्याकडूनच. जाऊबाईंना मी आदल्या रात्री सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू ठरवलंयस तर मी काय बोलणार?" त्या रुसल्या होत्या, पण आल्या.

मंडळी येऊन बसली, सरबत झालं आणि गुरुजींनी सुरुवात करायच्या आत मी उठले. ताटं वाढली की कुणी ऐकत नाही. स्टेजवर न चढता त्यांच्या पहिल्या रांगेसमोर उभी राहिले. सर्वांत आधी सुनेच्या आजींना नमस्कार केला: "बा, जय श्री कृष्ण. तमे पधार्यां ए अमने बहु गम्युं." पुढचंही बरंचसं गुजरातीत बोलले, ते इथे मराठीत देते.

"तुम्ही पहाटे उठून, लहान मुलांना घेऊन आलात. घर आपलं समजा असं मी म्हणणार नाही, ते वाटायला दोन-चार फेऱ्या लागतात. त्या फेऱ्या होऊ द्या. आज आमचे गुरुजी जे करतील त्याला साखरपुडा म्हणतात. तुमच्याकडे गोळधाणा. तुमच्या-आमच्या वाडवडिलांनी लग्न ठरल्यावर आधी तोंड गोड केलं आणि बाकीचं मग बघितलं, म्हणून आज दोन्ही ताटं शेजारी आहेत. तुमची मुलगी तुमची आहे आणि तुमचीच राहील. आमच्या घरात तिची खोली, तिची किल्ली आणि तिचं मत असेल. तिला माहेरची आठवण आली तर कारण विचारणार नाही, गाडी काढून देऊ. माझ्या मुलाला भात जास्त लागतो आणि राग आला की तो गप्प बसतो, हे आधीच सांगून ठेवते. तिचे बाबा आज असते तर इथे पहिल्या खुर्चीत असते. त्यांना नमस्कार. आणि हिला ज्यांनी एकटीनं इथवर आणलं, त्यांच्या हातून आजची पहिली गोड चिमूट घ्यावी अशी आमची इच्छा आहे. वेवाण, पुढे या."

तीन मिनिटंही लागली नसतील. 'बाबा' म्हणताना माझा आवाज गेला. तिथे थांबायचं असं मी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण इतका वेळ थांबायचं ठरलं नव्हतं. वेवाण उठल्या. पदर सारखा केला, ताटली घेतली आणि आधी लेकीच्या हातावर गोळधाणा ठेवला, मग माझ्या मुलाच्या. मग जाऊबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते मी सांगितलं नव्हतं. जाऊबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

ओटी काकूंनी आणि मी भरली. चांदीच्या कागदाचा पुडा घरी केलेला होता, तो सुनेच्या हातात देताना टोकाला उसवला आणि साखर शालूवर सांडली. बा जोरात हसल्या, तशी सगळीच हसली.

निघताना वेवाण माझ्याकडे तो भाषणाचा कागद मागायला लागल्या. त्यावर सरबताचा डाग पडला होता आणि खाडाखोड तर विचारू नका. म्हटलं, नीट लिहून पाठवते. त्या म्हणाल्या, "गुजरातीत लिहा हं. आणि भाताचं राहू द्या त्यात."