‘घरकाम’ कोणत्या रकान्यात?

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या एखाद्या वस्तीत घरोघर पाहणी झाली, असे समजा. ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नापुढे प्रगणकांनी बायकांची उत्तरे ऐकली तशी लिहून घेतली: ‘धुणीभांडी’, ‘चार घरची कामं’, ‘पापड लाटते’, ‘घरीच असते’ आणि बऱ्याच अर्जांवर नुसते ‘घरकाम’. आता या अर्जांच्या गठ्ठ्यातून किती बायका कमावत्या आहेत, हे सांगायचे आहे.

त्यासाठी प्रत्येक उत्तराला ठरावीक क्रमांक, म्हणजे कोड द्यावा लागतो. पण त्याआधी उत्तर जसेच्या तसे संगणकात उतरवून घेतात. अर्ज क्रमांकाशेजारी एका रकान्यात मूळ शब्द राहतात आणि कोड वेगळ्या रकान्यात जातो. मूळ शब्द पुसून त्या जागी कोड टाकला, तर पुढे चूक लक्षात आली तरी दुरुस्तीला आधार उरत नाही. हस्ताक्षर वाचण्यात गफलत होऊ नये म्हणून तेच अर्ज दोघांकडून स्वतंत्रपणे भरून घेतात आणि जिथे नोंदी जुळत नाहीत, तिथे मूळ कागद पुन्हा काढून पाहतात.

कोडची यादी प्रत्येकाने मनाने करायची नसते. भारतात व्यवसायांसाठी ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ आहे. त्याचे पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाला धरून आहेत. ‘धुणीभांडी’ त्यात ९१११ या घरगुती सफाई व मदतनीसांच्या गटात बसते. स्वतःच्याच घरचा रगाडा ओढणारी बाई मात्र या यादीत येतच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पद्धतीत तिला ‘फक्त घरची कामे’ असा ९२ हा कोड मिळतो आणि ती श्रमशक्तीबाहेर मोजली जाते. पापड लाटणारी घरातच बसलेली असते, तरी नगावर किंवा वजनावर पैसे घेऊन काम करत असेल, तर त्याच पद्धतीत ती स्वयंरोजगार करणारी ठरते.

म्हणजे नुसत्या ‘घरकाम’ला एका कोडरने ९१११ दिला आणि दुसऱ्याने ९२, तर एकाच वस्तीत कमावत्या बायकांचे प्रमाण दोन वेगवेगळे निघेल. हे टाळण्यासाठी कोडबुक असते. त्यात प्रत्येक कोडपुढे व्याख्या, काय धरायचे, काय वगळायचे आणि खऱ्या उत्तरांतली उदाहरणे लिहिलेली असतात. इथला नियम असा करता येईल: ‘त्याच अर्जात मजुरी, मालकीण किंवा घरांची संख्या यांची नोंद असेल तर ९१११, स्वतःच्या घरचेच काम अशी स्पष्ट नोंद असेल तर ९२, दोन्ही नसेल तर “अस्पष्ट”.’

नियम पुरेसा आहे का, हे तपासायला दोघांनी तेच १०० अर्ज एकमेकांचे न पाहता कोड करायचे. समजा, २० बायका दोघांनीही ‘कमावत्या’ धरल्या, ६० दोघांनीही ‘नाही’ धरल्या आणि २० अर्जांवर मतभेद झाले. त्यांतल्या १० जणींना एकाने ‘कमावत्या’ म्हटले, १० जणींना दुसऱ्याने. ८० टक्के एकमत चांगले वाटते. पण दोघांनीही ३० जणींना ‘कमावत्या’ म्हटले असल्याने, डोळे मिटून कोड दिले असते तरी ५८ टक्के उत्तरे योगायोगाने जुळली असती. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कापा’ हा निर्देशांक हा योगायोग वजा करतो. योगायोगापलीकडे ४२ टक्क्यांची जागा होती, त्यातले २२ टक्केच या जोडीने मिळवले. म्हणून कापा फक्त ०.५२ येतो. अशा वेळी मतभेदाचे अर्ज समोर ठेवून नियम सुधारतात आणि आधी कोड झालेले अर्जही नव्या नियमाने पुन्हा तपासतात. नाहीतर गठ्ठ्याचा वरचा भाग एका नियमाने आणि खालचा दुसऱ्याने मोजला जातो.

तरीही कोडबुक न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणूनच हा पेच दारातच सोडवतात. स्त्रीला आधी विचारतात, की स्वतःच्या घरकामाव्यतिरिक्त गेल्या सात दिवसांत काही काम केले का. त्यानंतर वस्तू विकणे, छोटा धंदा, घरच्या व्यवसायात हातभार लावणे ही उदाहरणे देऊन पुन्हा विचारतात. ‘काम’ कशाला म्हणायचे, हे त्या बाईवर किंवा नंतर कार्यालयातल्या कोडरवर सोडलेले नसते.

असे प्रश्न न विचारलेल्या पाहणीत ‘अस्पष्ट’ हा गट मोठा निघतो. आकडेवारी नीटनेटकी दिसावी म्हणून ते अर्ज ९२ मध्ये लोटण्याचा मोह होतो आणि मोलकरणी तक्त्यातून नाहीशा होतात. त्यामुळे कमावत्या स्त्रियांचा टक्का वाचताना त्याच तक्त्यात ‘अस्पष्ट’ किती, हेही पाहावे. तो गट दाखवलेलाच नसेल, तर ती उत्तरे कुणीतरी कुठेतरी बसवलेली असण्याची शक्यता बरीच आहे, आणि कुठे ते कोडबुकच सांगू शकते.