व्हिडिओ संपादनाचा लॅपटॉप : आधी मेमरी की प्रोसेसर?

व्हिडिओ संपादन शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर लॅपटॉप घेताना बहुधा दोन पर्याय येतात. किंमत जवळपास सारखीच. मात्र एकात आठ कोअरचा वेगवान प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी, तर दुसऱ्यात सहा कोअरचा काहीसा मंद प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी. अशा वेळी नवशिक्याने दुसरा पर्याय निवडणे हिताचे ठरते. १६ जीबीपर्यंत मेमरीला प्राधान्य द्यावे आणि त्यापुढे पैसे उरल्यास ते प्रोसेसरवर खर्च करावेत, असा हा हिशोब आहे. येथे मेमरी म्हणजे रॅम. जाहिरातीतील ५१२ जीबी हा आकडा साठवणुकीचा असतो.

यामागील कारण चित्रणाच्या स्वरूपात आहे. मोबाइलने टिपलेले चित्रण आकुंचित स्वरूपात साठवले जाते, म्हणून फाइल लहान दिसते. संपादन करताना मात्र प्रत्येक चौकट उलगडावी लागते. ४के चित्रणाच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी ४ बाइट धरल्यास एक चौकट सुमारे ३३ एमबीची होते आणि सेकंदाला ३० चौकटी या दराने एका सेकंदाचे चित्रण १ जीबीच्या घरात जाते. चौकटी उलगडण्याचे काम प्रोसेसरकडे असते, तर उलगडलेल्या चौकटी हाताशी ठेवण्याचे काम मेमरीकडे.

८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ही सगळी जागा संपादनाला मिळत नाही. त्यातील मोठा भाग विंडोज प्रणाली व्यापते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यास चित्र दाखवण्यासाठी लागणारी मेमरीही त्यातूनच घेतली जाते. धडा पाहण्यासाठी ब्राउझर उघडा असेल, तर उरलेली जागा आणखी आटते. जागा संपली की प्रणाली काही माहिती डिस्कवर हलवते. एसएसडी डिस्कही मेमरीपेक्षा कित्येक पटींनी मंद असल्याने चित्र थबकते, कळ दाबल्यावर काही सेकंद प्रतिसाद मिळत नाही आणि कधी कधी प्रोग्रॅम बंद पडतो. अशा वेळी वेगवान प्रोसेसरही माहितीची वाट पाहत बसून राहतो.

मंद प्रोसेसरचा तोटा निराळा आहे. समजा, पाच मिनिटांचा तयार व्हिडिओ वेगवान लॅपटॉपवर चार मिनिटांत बाहेर पडतो आणि मंद लॅपटॉपवर सहा मिनिटांत. ही दोन मिनिटे शेवटी एकदाच जातात. प्रत्यक्ष काम करताना चित्र अडखळत असेल, तर ‘प्रॉक्सी’चा उपाय असतो. त्यात मूळ चित्रणाच्या हलक्या, उदाहरणार्थ १२८० गुणिले ७२० बिंदूंच्या प्रती तयार करून त्यांवर काम केले जाते आणि अंतिम व्हिडिओ मूळ चित्रणावरूनच तयार होतो. प्रॉक्सीमुळे मेमरीवरील भारही काहीसा हलका होतो. परंतु प्रणाली आणि ब्राउझर यांनी व्यापलेली जागा त्यामुळे मोकळी होत नाही.

तथापि, मेमरीने प्रत्येक अडचण सुटते असे नाही. अनेक मोबाइल एच.२६५ या पद्धतीने चित्रण साठवतात. ते उलगडण्याची खास सोय प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डमध्ये नसल्यास १६ जीबी असूनही चित्र अडखळते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये ही सोय ‘क्विक सिंक’ या नावाने असते. म्हणूनच प्रोसेसर निवडताना केवळ गिगाहर्ट्झचा आकडा न पाहता तो एच.२६५ उलगडू शकतो का, हे विचारावे.

हाती असलेल्या विंडोज लॅपटॉपमध्ये नेमकी उणीव कशाची आहे, हेही पडताळता येते. संपादन चालू असताना Ctrl + Shift + Esc दाबून Task Manager उघडावा आणि Performance या विभागात पाहावे. चित्र अडखळत असताना Memory जवळजवळ भरलेली, Disk सतत व्यग्र आणि CPU मात्र निवांत दिसत असेल, तर मेमरी अपुरी आहे. CPU १०० टक्क्यांवर असून मेमरीत जागा शिल्लक असेल, तर मर्यादा प्रोसेसरची आहे.

खरेदीपूर्वी आणखी एक प्रश्न निर्णायक ठरतो, तो म्हणजे मेमरी नंतर वाढवता येते का? अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मुख्य पटलावर कायमची जोडलेली असते. तेथे ८ जीबी घेतल्यास ती शेवटपर्यंत ८ जीबीच राहते. मात्र मेमरीसाठी रिकामा स्लॉट असेल, तर वेगवान प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊन पुढे मेमरी वाढवण्याचा मार्ग खुला राहतो. लॅपटॉपचा प्रोसेसर मात्र सहसा बदलता येत नाही. त्यामुळे अशा लॅपटॉपच्या बाबतीत आधीचा हिशोब उलटा करणे योग्य ठरते.