कोयता, मोबाइल आणि कोशाचा उंबरठा

दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि खंडाळा, लोणंद, फलटण या पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरू लागतात. त्यांच्या बोलण्यात ‘मुकादमाकडं यंदा वीस कोयते हायेत’ असे वाक्य सहज येते. या वाक्यातला कोयता म्हणजे हत्यार नव्हे. ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर एकटाच आला असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल ठरते ती कोयत्यावर, आणि मुकादमाची पत मोजली जाते तीही कोयत्यांवरच. जुन्या कोशांत मात्र कोयता केवळ हत्यार म्हणून नोंदलेला आहे. हा दुसरा अर्थ कोशात यावा की नाही, आणि ते कशावरून ठरवायचे?

कोशकारापुढचा हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, पुराव्याचा आहे. जेम्स मरे यांनी 1879 मध्ये इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशासाठी वाचकांकडून अवतरणांच्या चिठ्ठ्या मागवल्या, तेव्हापासून पद्धत तीच आहे: शब्द कुठे, कधी, कोणत्या वाक्यात आला ते लिहून ठेवायचे, आणि चिठ्ठ्या पुरेशा साठल्या की निर्णय घ्यायचा. पुण्यात डेक्कन कॉलेजात 1948 मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून अशा लाखो चिठ्ठ्या निघाल्या. मराठीत दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले आणि 1950 मध्ये पुरवणी आली. त्यात शब्दांपुढे ग्रंथांतली अवतरणे आहेत, आणि वऱ्हाडी, गोमंतकी, खानदेशी अशा प्रांतांच्या खुणाही आहेत. त्या खुणा म्हणजे शब्दाच्या प्रसाराचा पुरावाच. पुढच्या अनेक कोशांनी अवतरणेही गाळली आणि खुणाही. जागा वाचली, पण शब्द कोणाचा ते कळेनासे झाले.

आता चिठ्ठ्यांच्या जागी संगणकावरचा मजकूरसंग्रह आला आहे. शब्द दहा लाख शब्दांमागे किती वेळा येतो, हे त्यातून क्षणात निघते. याच आकड्यावर सध्या काही मंडळी फार विसंबतात. समजा, एक कोटी शब्दांच्या संग्रहात एखादा शब्द चाळीस वेळा सापडला. दहा लाखांमागे चार, म्हणजे प्रमाण वाईट नाही. पण त्यातले अडतीस प्रयोग एकाच कादंबरीतले असतील तर तो त्या कादंबरीकाराचा शब्द आहे, मराठीचा नव्हे. उलट, बाराच वेळा आलेला शब्द सात जिल्ह्यांतल्या बातम्या, एक शासकीय आदेश, दोन आत्मकथने आणि एका खटल्याच्या कागदात विखुरलेला असेल तर त्याचा हक्क मोठा. शिवाय एकाच वृत्तपत्राच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर आवृत्त्यांत तीच बातमी छापून आली, तर तो एकच पुरावा धरायला हवा. संगणक मात्र तिला तीनदा मोजतो.

मराठीत मोजणीचीच आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजीच्या तयार पद्धती इथे आणणाऱ्यांना ती दिसत नाही. मराठी शब्द उघडा फार कमी फिरतो. ‘मोबाइल’ एवढाच शोधला तर मोबाइलवर, मोबाइलचा, मोबाइलमधून ही सगळी रूपे निसटतात, आणि ‘मोबाईल’ असे लिहिणारे निराळेच राहतात. उलट ‘बस’ शोधले तर एसटीबरोबर ‘खाली बस’ आणि ‘बस झाले’ हेही जाळ्यात येतात. म्हणून आधी रूपे एका शब्दाखाली गोळा करावी लागतात आणि मग शेदोनशे वाक्ये माणसाने डोळ्यांखालून घालावी लागतात. या कामाचा कंटाळा केला की आकडा खोटा ठरतो.

याच रूपांतून मराठी कोशकाराला एक असा पुरावा मिळतो जो इंग्रजीच्या कोशकाराला मिळत नाही. परका शब्द सामान्यरूप घेऊ लागला की तो इथला झाला. ‘बँकेत’, ‘टेबलाखाली’, ‘कपात’ ही रूपे पाहा. बँक तर स्त्रीलिंगी होऊन ‘पेठ-पेठेत’च्या रांगेत बसली आहे. ‘मोबाइलात’ असे कोणी म्हणते, पण ‘मोबाइलमध्ये’ अजून कितीतरी जास्त चालते. लिंग कोणते, हेही वाक्ये गोळा केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि लिंग दिल्याशिवाय मराठी नामाची नोंद पुरी होत नाही.

छापील पुरावा हाच खरा पुरावा, असा एक पक्ष आहे आणि त्याच्याशी भांडण जुने आहे. या पक्षाच्या मापाने ‘भ्रमणध्वनी’ भरभक्कम शब्द ठरतो. लग्नपत्रिका, सरकारी पत्रे, संस्थांचे अहवाल, सगळीकडे तो आहे. बोलताना मात्र ‘माझा भ्रमणध्वनी घरी राहिला’ असे कोण म्हणतो? तो कोशात यावा, पण ‘लेखी, कार्यालयीन’ अशी खूण लावूनच. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे सावरकरांनी पुढे आणलेले शब्द सभागृहातून आणि शाळेतून तोंडात उतरले. पदनामकोशातली कितीतरी पदे कार्यालयाच्या दारावरच्या पाटीवरून खाली उतरलीच नाहीत. शब्द घडवला कोणी यावर कोशातली जागा ठरत नाही.

बोलीचा पुरावा नेमकेपणाने गोळा करता येतो, याचे उदाहरण खंडाळ्याच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतले भेद शोधून त्यावर 1973 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध सादर केला. पुढे त्यांनी जाई निंबकरांबरोबर मराठीचे व्याकरण लिहिले आणि शिकणाऱ्यांसाठी मराठी-इंग्रजी कोशही केला. कोण, कुणाशी, कोणत्या प्रसंगी काय बोलतो हे टिपून ठेवण्याची ती शिस्त मोठ्या कोशांच्या कामात यायला हवी होती.

या भागातली दुसरी गोष्ट मनाला जास्त लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1978 मध्ये छापलेल्या मजकुरातून प्रत्येकी दोन हजार शब्दांचे पाचशे नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा संग्रह उभा राहिला. जगभरचे भाषाभ्यासक ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने तो वापरतात. तो भारतीय इंग्रजीचा आहे. काम उत्तम झाले. पण तेवढ्याच काटेकोरपणे निवडलेला 1978 सालचा मराठीचा संग्रह त्याच वेळी, त्याच गावात झाला असता, तर गेल्या चार दशकांत कोणता शब्द केव्हा वर चढला ते आज आकड्यांत दाखवता आले असते. आता त्या सालाची वर्तमानपत्रे पिवळी पडून तुकडे होऊ लागली आहेत.

काळाची कसोटीही सोपी नाही. ‘टाळेबंदी’ पूर्वी कारखान्याच्या मालकाची असे, संपाच्या विरुद्धची. 2020 मध्ये साऱ्या देशाची टाळेबंदी झाली आणि छापात त्या अर्थाला पूर आला, जरी घराघरात ‘लॉकडाऊन’च चालला. नंतर तो पूर ओसरला. तरी दुसरा अर्थ काढून टाकता येत नाही, कारण त्या वर्षाचा कागद वाचणाऱ्याला तो पुढेही लागेल. ‘2020पासून, मुख्यतः लेखी’ एवढे लिहिले की झाले. कमी काळ चाललेला पण सर्वदूर पसरलेला शब्द असा सालासकट नोंदवायचा असतो.

आणि कोयता? मजूर मराठवाड्यातून येतात, तोड सातारा, सांगली, कोल्हापुरात चालते, आणि टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. म्हणजे शब्द मजुरांच्या बोलीत, मुकादमाच्या हिशेबात आणि बातम्यांत फिरतो. छापात तो थोडा, पण प्रसाराने मोठा आहे. त्याचे ‘कोयते’ हे अनेकवचन माणसांच्या जोड्या मोजते आणि ‘अर्धा’ हे विशेषण त्याला लागते. हत्यार अर्धे नसते, त्यामुळे हा स्वतंत्र अर्थ आहे हे व्याकरणच सांगते. नोंद साधारण अशी होईल: कोयता, पु., अर्थ दुसरा, ऊसतोडीचे एकक, दोन माणसांची जोडी, बहुधा नवरा-बायको. अर्धा कोयता म्हणजे एकटा मजूर. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र, मुख्यतः बोली. त्याखाली निदान तीन अवतरणे हवीत, निरनिराळ्या जिल्ह्यांची, आणि त्यातले एक तरी मजुराच्या तोंडचे, गाव आणि साल लिहून.