भिंती होत्या, पण उंची?

20 सप्टेंबर 1911. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या सोलेंट खाडीत ‘ऑलिंपिक’ या नव्याकोऱ्या प्रवासी जहाजाला ‘हॉक’ नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेची जबर धडक बसली. हॉकचं पुढचं टोक मुळातच शत्रूची जहाजं फोडण्यासाठी बनवलेलं. त्याने ऑलिंपिकच्या मागच्या बाजूला मोठं भगदाड पाडलं. दोन कप्पे पाण्याने भरले, तरीही जहाज स्वतःच्या इंजिनांवर साउदॅम्प्टनला परतलं. त्या दिवशी कप्तान होते एडवर्ड स्मिथ. सात महिन्यांनी हेच स्मिथ ऑलिंपिकच्या धाकट्या बहिणीवर, म्हणजे टायटॅनिकवर होते. दोन्ही जहाजं बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या एकाच गोदीत, जवळपास एकाच आराखड्यावरून बांधलेली. मग एक सुखरूप परतलं आणि दुसरं बुडालं, असं का?

जहाज तरंगतं ते स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून. भोक पडून आत पाणी शिरलं की तेवढा भाग पाणी सारण्याच्या कामातून बाद होतो. मग जहाज आणखी खाली बसतं आणि एरवी पाण्याच्या वर असणारा कोरडा भाग ते काम करू लागतो. वरचा हा कोरडा भाग म्हणजे जहाजाची शिल्लक. ती संपली की खेळ खलास. म्हणूनच जहाजाच्या पोटात ठरावीक अंतरावर, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, पोलादी आडभिंती घालतात. भगदाड कुठेही पडो, पाणी त्या दोन भिंतींच्या मध्येच अडकावं आणि शिल्लक शाबूत राहावी, असा हिशेब.

टायटॅनिकला अशा पंधरा भिंती होत्या, म्हणजे सोळा कप्पे. मधले कोणतेही दोन किंवा पुढचे पहिले चार कप्पे भरले तरी जहाज तरंगत राहील, असा आराखडा होता. 1911 ची टक्कर या मर्यादेत बसली होती. 14 एप्रिल 1912 च्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी हिमनग घासून गेला, तेव्हा मात्र पुढचे पाच कप्पे उघडे पडले आणि सहाव्यातही थोडं पाणी येऊ लागलं.

तळाला दुहेरी पत्रा होता, मग तो का कामी आला नाही? याचं उत्तर फ्रेडरिक बॅरेट या बॉयलरवरच्या कामगाराच्या साक्षीत मिळतं. सहा क्रमांकाच्या बॉयलर रूममध्ये तो उभा होता, तिथल्या फरशीच्या साधारण दोन फूट वरून, जहाजाची कूस फुटून पाणी आत आलं. धोक्याची घंटा वाजली, दरवाजे खाली सरकू लागले आणि बॅरेट कसाबसा उडी मारून पलीकडच्या पाच क्रमांकाच्या बॉयलर रूममध्ये गेला. दुहेरी तळ त्याच्या पायाखाली होता. कुशीला मात्र एकेरीच पत्रा, आणि नेमकी तीच जागा घासली गेली होती.

बांधणाऱ्या कंपनीचे नौकारचनाकार एडवर्ड वाइल्डिंग यांनी चौकशीत गणित मांडलं. पहिल्या चाळीस मिनिटांत सुमारे 16 हजार टन पाणी आत आलं असावं, आणि त्यासाठी सगळ्या फटी मिळून फक्त 12 चौरस फुटांची जागा पुरेशी होती. म्हणजे घरातल्या एखाद्या दारापेक्षाही कमी! पण या फटी एका जागी नव्हत्या; त्या बारीक होत्या आणि एकामागून एक कप्प्यांवर पसरलेल्या होत्या. हेच क्षेत्रफळ एकाच कप्प्यात असतं, तर जहाज न्यूयॉर्कला पोहोचलं असतं.

खरी मेख पुढेच आहे. मधल्या बऱ्याच भिंती ई डेकपर्यंतच, म्हणजे पाण्याच्या रेषेपासून जेमतेम तीनेक मीटर वर येऊन थांबत. त्यांना वरून झाकण नव्हतं. पुढचे पाच कप्पे भरून टोक खाली गेलं तसं पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत आलं आणि तिथून मागच्या कप्प्यात उतरू लागलं; कोकणात वरचं भातखाचर भरलं की बांधावरून खालच्यात पाणी उतरतं, तसंच. प्रत्येक नवा कप्पा भरताना टोक आणखी खाली जाई आणि पुढच्या भिंतीचा माथा पाण्याजवळ येई. 2 वाजून 20 मिनिटांनी सगळं संपलं. तरी दोन तास चाळीस मिनिटं मिळाली ती याच भिंतींमुळे, हेही खरं.

त्या हिवाळ्यात ऑलिंपिक गोदीत परतलं. पाच भिंती बी डेकपर्यंत उंचावल्या गेल्या, एक नवी भिंत घातली गेली, आणि बॉयलर व इंजिनांच्या भागात कुशीला आतून दुसरं पोलादी कवच बसलं. सहा कप्पे भरले तरी जहाज तरंगेल, अशी आता तयारी होती. यात नवं काही नव्हतं, ही गंमत. इझम्बार्ड ब्रुनेल यांच्या 1858 च्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाला तळापासून पाण्याच्या रेषेपर्यंत दुहेरी कवच होतं. दोन कवचांत जवळपास तीन फुटांची मोकळी जागा. 1862 मध्ये लाँग आयलंडजवळ, नकाशात नसलेल्या खडकाने त्याच्या बाहेरच्या कवचाला 83 फूट लांब आणि नऊ फूट रुंद चीर पाडली. आतलं कवच टिकलं आणि जहाज न्यूयॉर्कला पोहोचलं. पन्नास वर्षांनी जहाजबांधणारे या उपायाला मुकले, कारण दुहेरी कवच जागा, पोलाद आणि पैसा खातं.

तिसरी बहीण ‘ब्रिटानिक’ बांधतानाच सुधारली गेली. युद्धात ती रुग्णालय जहाज झाली. 21 नोव्हेंबर 1916 च्या सकाळी ग्रीसच्या केआ बेटाजवळ पाणसुरुंग फुटला. आराखड्यानुसार सहा कप्पे भरले तरी ती तरंगायला हवी होती. ती 55 मिनिटांत बुडाली. टायटॅनिकच्या निम्म्याहूनही कमी वेळात.

स्फोटाच्या हादऱ्याने पुढचे काही जलरोधक दरवाजे नीट बंद होईनात. पाणी बॉयलर रूमपर्यंत पोहोचलं. त्यात सकाळी वॉर्डांना हवा मिळावी म्हणून खालच्या डेकवरच्या पोर्टहोल, म्हणजे गोल खिडक्या, उघडून ठेवल्या होत्या. जहाज कलंडू लागताच त्या खिडक्या पाण्याखाली गेल्या आणि भिंती कितीही उंच असल्या तरी पाण्याला बाजूने वाट मिळाली. कप्तानाने किनारा गाठायला इंजिनं चालू ठेवली, तर वेगामुळे पाण्याचा जोर वाढला. हजाराहून जास्त माणसं जहाजावर होती. 30 दगावली, तीही बहुतेक फिरत्या पंख्यांत ओढल्या गेलेल्या होड्यांमधली.

आजच्या तेलवाहू जहाजांची दुहेरी कवचं पाहून हे सगळं जहाज तरंगावं म्हणूनच चाललंय, असं वाटतं. तिथला मुख्य हेतू वेगळा आहे. 1989 मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ खडकावर आदळलं आणि टाक्यांतलं तेल थेट समुद्रात गेलं. त्यानंतर दुसरं कवच आलं ते तेल आत राहावं म्हणून.

प्रवासी जहाजांना आजही मर्यादा आहेत. 2012 मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला खडकाने 50 मीटरहून लांब फाडलं, तेव्हा लगतचे कप्पे दोनाहून जास्त भरले आणि हिशेब कोलमडला. नियमांत आता भिंतींइतकंच लक्ष त्यांतल्या दरवाजांकडे आहे. प्रवासी जहाजांवर दर आठवड्याला कवायत असते: जलरोधक दरवाजे, झडपा आणि पोर्टहोल बंद करून पाहायचे आणि तशी नोंद लॉगबुकात करायची.