‘के’च्या अलीकडे पाहा

स्पॅनिशच्या मधल्या पातळीच्या पुस्तकात ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नाखाली अशी जोडी हमखास भेटते. (स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.)

क्रेओ के आना ______ एन्फेर्मा. (एस्तार)
नो क्रेओ के आना ______ एन्फेर्मा. (एस्तार)

पहिल्याचा अर्थ ‘आना आजारी आहे असं मला वाटतं’, दुसऱ्याचा ‘आना आजारी आहे असं मला वाटत नाही’. कंसातला धातू एकच, कर्ता एकच, काळही एकच. तरी पहिल्या जागेत ‘एस्ता’ येतं आणि दुसऱ्या जागेत ‘एस्ते’. एका स्वराचा फरक, पण त्यावर गुण जातात. ‘एस्ता’ हे साधं वर्तमानकाळाचं रूप. ‘एस्ते’ हे सबजंक्टिव्ह, म्हणजे स्पॅनिश व्याकरणातलं ‘सुबखुंतीवो’.

हे रूप कधी वापरायचं, यासाठी वर्गात एक यादी पाठ करून घेतात: इच्छा, भावना, सल्ला, शंका, नकार, आणि ‘ओखाला’ हा शब्द. ‘ओखाला’ अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ ‘देवाची इच्छा असेल तर’ असा होता, आज तो ‘असं होवो’ या अर्थाने वापरतात आणि त्यामागून नेहमी सबजंक्टिव्हच येतं. यादी खोटी नाही, पण ती एकटी पुरत नाही. ‘एस्पेरो के’ म्हणजे ‘आशा आहे की’, त्यानंतर सबजंक्टिव्ह. ‘क्रेओ के’ म्हणजे ‘मला वाटतं की’, त्यानंतर साधं रूप. बोलणाऱ्याला दोन्हीकडे पक्की खात्री नाही, मग हा भेद का? यादी त्याचं उत्तर देत नाही.

रुइस काम्पियो या स्पॅनिश अध्यापकांनी मांडलेली कसोटी इथे जास्त उपयोगी पडते. ‘के’ म्हणजे ‘की’ हा वाक्याचा सांधा. सांध्याच्या पलीकडची गोष्ट बोलणारा माहिती म्हणून पुढे ठेवतो आहे का, एवढंच विचारायचं. ठेवत असेल तर साधं रूप, नसेल तर सबजंक्टिव्ह. गोष्ट खरी आहे की खोटी, हा प्रश्न विचारायचाच नाही. करून पाहायचं असेल तर ‘के’च्या पलीकडचं वाक्य तोडून वेगळं म्हणून पाहावं. ‘क्रेओ’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘आना आजारी आहे’ हे वाक्य शोभतं, कारण ते त्याचंच मत आहे. ‘नो क्रेओ’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ते बसत नाही. म्हणून तिथे ‘एस्ते’. ‘दुदो के’ म्हणजे ‘मला शंका आहे की’, त्याचंही तसंच.

मराठी माणसाला यातला इच्छेचा भाग जड जाऊ नये. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ असं आपण म्हणतो, ‘तू येतोस अशी माझी इच्छा आहे’ असं म्हणत नाही. हा आपला विध्यर्थ. स्पॅनिशमध्ये त्याच जागी ‘किएरो के बेंगास’ येतं. ‘बिएनेस’ हे साधं रूप तिथे चालत नाही. मात्र इच्छा करणारा आणि येणारा एकच असेल तर दोन्ही भाषा सांधा टाळतात. ‘मला यायचं आहे’ म्हणजे ‘किएरो बेनिर’. त्यामुळे जागेच्या आधी ‘के’ नसेल तर कंसातला धातू बहुधा जसाच्या तसा उतरवायचा असतो. रूपाच्या नादात ही जागा पुष्कळांची चुकते.

शंकेच्या बाबतीत मराठीची साथ अर्धीच मिळते. ‘आना आजारी असेल असं वाटत नाही’ असं आपण म्हणतो खरं, पण ‘असेल असं वाटतं’ असंही म्हणतो. म्हणजे आपलं ‘असेल’ दोन्हीकडे चालतं, त्यावरून स्पॅनिश रूप ठरवता येत नाही.

मराठी पुरती फसवते ती भावनेच्या वाक्यांत. ‘तू इथे आहेस याचा मला आनंद आहे.’ माणूस समोर उभा आहे, शंकेला जागाच नाही, म्हणून आपण निःसंकोच ‘आहेस’ म्हणतो. स्पॅनिश वाक्य मात्र असं: ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी.’ साधं रूप ‘एस्तास’ झालं असतं, इथे ‘एस्तेस’ लागलं. यादी पाठ केलेल्याला हे कोडंच वाटतं, कारण त्याने सबजंक्टिव्ह म्हणजे अनिश्चितता अशी गाठ मारलेली असते. वरची कसोटी लावली की गाठ सुटते. तू इथे आहेस, ही बातमी मी तुला देत नाही, ती तुलाही ठाऊक आहे. मी सांगतो आहे तो माझा आनंद. पलीकडची गोष्ट खरी आहे, पण सांगण्याचा विषय ती नाही.

आता दोन शब्द असे, जे यादीच्या कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. ‘दीसे के बिएनेस’ म्हणजे ‘तू येतोस असं तो सांगतो’. ‘दीसे के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं तो सांगतो’. क्रियापद तेच ‘सांगणे’, पण पहिल्यात निरोप आहे, दुसऱ्यात हुकूम. ‘सिएंतो के’ची गोष्टही तशीच. ‘सिएंतो के एस्तास त्रिस्ते’ म्हणजे तू उदास आहेस असं मला जाणवतं. मी माझी जाणीव सांगतो. ‘सिएंतो के एस्तेस त्रिस्ते’ म्हणजे तू उदास आहेस याचं मला वाईट वाटतं. उदासी दोघांनाही ठाऊक आहे, मी सांगतो ते वाईट वाटणं.

रूप तयार करणं त्यामानाने सोपं. वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्यायचं, शेवटचा ‘ओ’ काढायचा आणि स्वरांची अदलाबदल करायची. ‘आर’ने संपणाऱ्या धातूंना ‘ए’ लागतो: ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’, त्याचं ‘आब्ले’. ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘आ’ लागतो: ‘कोमो’ म्हणजे ‘मी खातो’, त्याचं ‘कोमा’. ‘मी’च्या रूपापासून सुरुवात करण्याचा फायदा असा की तिथली अनियमितता आपोआप पुढे येते. ‘बेंगो’ म्हणजे ‘मी येतो’, म्हणून ‘बेंगास’. या वाटेने न जाणारे धातू सहाच: ‘सेर’, ‘एस्तार’, ‘इर’, ‘आबेर’, ‘साबेर’, ‘दार’. ते पाठ करावे लागतात, आणि प्रश्न काढणाऱ्यांचे ते लाडके असतात.

काही जागा मात्र प्रश्न काढणाऱ्यानेच नीट घातलेल्या नसतात. ‘किसास’ म्हणजे ‘कदाचित’. त्यानंतर दोन्ही रूपं चालतात, बोलणारा शक्यतेला किती वजन देतो त्यावर ठरतं. त्याच अर्थाचं ‘आ लो मेखोर’ मात्र साधं रूपच मागतं. आणि ‘सिएंतो के ______ त्रिस्ते’ एवढंच छापलं असेल, तर त्याला एक उत्तर असूच शकत नाही. पुढे ‘मी काही मदत करू का?’ असंही एखादं वाक्य आलं, तरी ते दोन्ही अर्थांना चालून जातं. ‘कारण तू कालपासून गप्प आहेस’ असं आलं, की मी अंदाज कशावरून बांधला ते कळतं आणि ‘एस्तास’ पक्कं होतं. उत्तरसूचीत एकच रूप दिसलं आणि आपलं दुसरं निघालं, तर लगेच खोडू नये. आधी ते वाक्य आपण कोणत्या अर्थाने वाचलं ते तपासावं. अर्थ दोन निघत असतील, तर शिक्षकांना तसं दाखवून गुण मागायला हरकत नाही.