लगन पाच वर्षांनी, तजवीज आजपासून

महागाव तालुक्यातील फुलसावंगी भागात शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो मुख्यतः सोयाबीन आणि कापूस निघाल्यावर. लग्नसराई मात्र एप्रिल-मे महिन्यांत. तोवर कापसाचा पैसा उधारी चुकवण्यात जातो आणि लगन सावकाराच्या पैशावर उभे राहते. ज्या खर्चाची तारीख अगोदर ठाऊक आहे, त्यासाठी दरमहा ठराविक रक्कम बाजूला टाकणे याला हिशेबाच्या भाषेत सिंकिंग फंड म्हणतात. ही दरमहाची रक्कम अंदाजाने ठरवायची नसते, ती काढता येते.

समजा, एका पाच एकरवाल्या शेतकऱ्याची मुलगी आज १७ वर्षांची आहे आणि लग्न तिच्या बाविसाव्या वर्षी करायचे आहे. मांडव, जेवणावळ, कपडे, भांडी मिळून आजच्या भावाने ३ लाख रुपये लागतात. पहिली चूक इथेच होते, कारण लोक आजचेच ३ लाख धरतात. भाव वर्षाला ६ टक्के वाढले तर पाच वर्षांनी त्याच लग्नाला सुमारे ४ लाख लागतील. म्हणून निशाणी ४ लाखांवर लावायची. सोन्याचे भाव वेगळ्या चालीने वाढतात, त्यामुळे दागिने या हिशेबात धरू नयेत.

आता महिन्याचा हप्ता काढू. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला, म्हणजे आरडीला, ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के व्याज लागू झाले. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, तेव्हा त्या दिवसाचा दर पोस्टात विचारून घ्यावा. खाते उघडताना जो दर असेल तोच पाचही वर्षे राहतो. ६.७ टक्क्यांनी महिन्याला १०० रुपये भरल्यास ६० हप्त्यांनंतर सुमारे ७,१३६ रुपये मिळतात. म्हणजे ४ लाखांसाठी महिन्याला ५,६१० रुपये. खिशातून जातात ३,३६,६०० रुपये आणि बाकीचे सुमारे ६४ हजार व्याजाचे. हेच काम दोन वर्षे लांबवले, तर उरलेल्या तीन वर्षांत तेवढ्याच व्याजाने महिन्याला सुमारे १०,००० रुपये भरावे लागतील.

तुम्ही म्हणाल, "साहेब, आम्हाले काय दर महिन्याले पगार येते?" खरे आहे. म्हणूनच खाते जानेवारीत, कापूस विकल्यावर उघडावे. आरडीत पुढचे हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूटही मिळते. सहा हप्ते एकदम भरल्यास दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये, तर बारा हप्ते भरल्यास ४० रुपये. आपल्या उदाहरणात वर्षाचे ६७,३२० रुपये होतात. एकदम भरले तर २,२४४ रुपये सूट मिळून ६५,०७६ रुपयेच द्यावे लागतात. पाचव्या वर्षानंतरच्या जानेवारीत खाते पुरे होते आणि लग्नाआधी तीन महिने पैसा हातात असतो.

अडचण येते ती नापिकीच्या वर्षी. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड लागतो. तो फार नाही. पण लागोपाठ चार हप्ते चुकले की खाते बंद पडते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू केले नाही, तर त्यात पैसे भरताच येत नाहीत. म्हणून एकाऐवजी दोन खाती उघडावीत, एक ३,६०० रुपयांचे आणि दुसरे २,०१० रुपयांचे. वर्ष वाईट गेले तर निदान एक तरी चालू ठेवता येते.

मधेच दवाखाना निघाला तरी खाते मोडायची घाई करू नये. ते तीन वर्षांपूर्वी मोडता येत नाही आणि नंतर मोडले तर फक्त बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. आगाऊ भरलेल्या महिन्यांपर्यंत तर मोडताच येत नाही. त्याऐवजी बारा हप्ते भरून एक वर्ष झाले असेल, तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. त्याचा व्याजदर आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त असतो. मात्र ते कर्ज फेडले नाही, तर शेवटच्या रकमेतून वळते होते आणि लग्नाला तेवढे कमी पडतात.

दरवर्षी पासबुक घेऊन मांडववाल्याला आणि आचाऱ्याला चालू भाव विचारावा. दुसऱ्या वर्षाअखेर तुमचा ३ लाखांचा अंदाज ३ लाख ३७ हजारांच्या आसपास असेल तर गाडी रुळावर आहे. त्याहून बराच वर गेला असेल, तर वाढलेल्या रकमेला उरलेल्या महिन्यांनी भागावे आणि तेवढ्याच मुदतीची छोटी आरडी बँकेत काढावी. जुना ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल बदलायची असेल तरी रीत हीच. फक्त नव्या गाडीच्या तेव्हाच्या किमतीतून जुनीचे येणारे पैसे आधी वजा करावेत आणि उरलेल्या रकमेचाच हप्ता काढावा.